तीन मिलीलिटरमधलं एक युनिट

सरांना बोलता बोलता कान कोरायची सवय होती, आणि त्यासाठी ते पेनाचं टोपण वापरत. अकरा वर्षं ताई हे बघत आली होती, तरी दर वेळी तिची नजर त्या टोपणावर जायची. त्या दिवशीही सरांनी टोपण कानात फिरवलं, बाहेर काढून उजेडात धरून पाहिलं, पेनाला पुन्हा बसवलं आणि तेच पेन एका कागदासोबत तिच्यासमोर सरकवलं.

"ताई, एवढी एक सही करा. पटकन पाठवून द्यायचंय."

सर तिच्याहून चांगले बारा-पंधरा वर्षांनी मोठे, पण प्रयोगशाळेत झाडूवाल्यापासून सरांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. ती तिथली तंत्रज्ञ. गव्हाची कोवळी पानं बर्फावर ठेवलेल्या खलात वाटायची, त्यांचा अर्क काढायचा, त्यात सुपरऑक्साइड डिस्म्युटेज नावाचं एन्झाइम किती आहे ते मोजायचं आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, हे तिचं काम. त्या आकड्यांवर सर लेख लिहीत, परदेशी जात आणि येताना सगळ्यांना एकेक चॉकलेट आणत.

ताईने कागद वाचला. वरती एका मासिकाच्या संपादकाचं पत्र पिनेने लावलेलं होतं. लेख तपासणाऱ्याने विचारलं होतं, की तुमच्या नव्या वाणात हे एन्झाइम मूळ वाणाच्या पंधरापट आहे म्हणता, तर दोन्ही वाण एकाच पद्धतीने मोजलेत का, आणि पद्धतीचा कागद जोडाल का? खालच्या कागदावर एकच ओळ टाइप केलेली होती: 'दोन्ही वाणांचं मोजमाप एकाच पद्धतीने आणि एकाच युनिटमध्ये झालेलं आहे.' त्याखाली तिचं नाव आणि सहीची जागा.

"मूळ वाण तुम्हीच मोजलेला ना दोन वर्षांपूर्वी," सर म्हणाले. "म्हणून तुमची सही. नवा आपल्या डॉक्टरांनी मोजलाय."

डॉक्टर म्हणजे बाहेरून शिकून आलेला, वर्षभरापूर्वी रुजू झालेला संशोधक. केस, बूट आणि बोलणं तिन्ही तुळतुळीत, म्हणून मागे सगळे त्याला चकचकीत म्हणत. तो बाजूच्या खुर्चीत बसून हसत होता. सहीला नाही म्हणणारं कुणी असतं हे त्याच्या गावीही नसावं.

"रजिस्टर बघते आणि करते," ताई म्हणाली. दोन्ही कागद तिने उचलले, पेनाला हात लावला नाही.

"बघायचंय काय त्यात?" सर म्हणाले.

"सवय आहे, सर."

---

खरं सांगायचं तर तेव्हा तिला कसलाही संशय आला नव्हता. पंधरापट ऐकून उलट ती हरखली होती. अकरा वर्षं ज्या गव्हाची पानं वाटली, त्याच्यात काहीतरी निघालं म्हणायचं! उन्हाच्या कडाक्यात रोपाच्या आत सुपरऑक्साइड नावाचा एक आगलावा पदार्थ तयार होतो, आणि त्याला थंड करणारं एन्झाइम नव्या वाणात एवढं असेल, तर ती बातमीच होती.

तिने रजिस्टर काढलं. दोन वर्षांपूर्वीचं पान, तिचंच अक्षर. मूळ वाण: एक मिलिग्रॅम प्रथिनामागे बावीस युनिट. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं, 'निम्म्याला ४५ मायक्रोलिटर लागले'. मग तिने चकचकीतची फाइल उघडली. नवा वाण: तीनशे एक्केचाळीस. समासात काही नव्हतं, पण आतल्या तक्त्यात होतं. अर्क दहापट पातळ केलेला आणि निम्म्याला त्यातले एकोणतीस मायक्रोलिटर. म्हणजे मूळ अर्काचे जेमतेम तीन.

हे 'निम्मं' काय, ते ताईने कितीतरी नवशिक्यांना शिकवलं होतं. एन्झाइम डोळ्यांना दिसत नाही, वजनकाट्यावर कळत नाही. म्हणून त्याची गंमत उलट बाजूने बघायची. एका नळीत पिवळसर द्रावण घ्यायचं, त्यात शेवटी रायबोफ्लेविन नावाचं जीवनसत्त्व घालायचं आणि नळ्या ट्यूबलाइटखाली ठेवायच्या. उजेड पडला की सुपरऑक्साइड बनायला लागतं आणि ते त्या पिवळ्या द्रावणाला निळंजांभळं करून सोडतं. आता यात अर्क घातला, तर त्यातलं एन्झाइम सुपरऑक्साइडला रंगापर्यंत पोचूच देत नाही. रंग जितका कमी चढला तितकं एन्झाइम जास्त. एक नळी अर्क न घालता ठेवायची, ती सगळ्यात गडद होते. तिच्या निम्माच रंग चढू देईल एवढं जे एन्झाइम, ते एक युनिट.

निम्मंच का, असं नवशिके विचारत. तर एन्झाइम दुप्पट केलं म्हणून रंग दुप्पट अडत नाही. पहिल्या थेंबाला भरपूर अडतो, पुढे पुढे थेंबामागे कमी कमी अडत जातो. नव्वद टक्के अडला म्हणून दोन युनिट लिहिणाऱ्याच्या हातावर ताईने फुटपट्टी मारायचीच बाकी ठेवली होती. अर्क कमीजास्त घालत पाच-सहा नळ्या लावायच्या, निम्मं कुठे येतं ते आलेखावर शोधायचं आणि तेवढ्या अर्काला एक युनिट म्हणायचं. हे सगळं तिने अकरा वर्षांपूर्वी एका मोठ्या कागदावर लिहून नळ्यांच्या टेबलावर भिंतीला चिकटवलं होतं. तळाशी ठळक अक्षरात, 'एक युनिट = रंग निम्मा अडवणारं एन्झाइम', आणि खाली तिच्या नावाची आद्याक्षरं नि तारीख. गेल्या अकरा वर्षांत इथून बाहेर पडलेल्या प्रत्येक प्रबंधात त्या कागदाची प्रत होती. ताईला त्या कागदाचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

म्हणजे तीनच मायक्रोलिटरमध्ये एक युनिट? ती म्हणाली, शाबास रे गव्हा. आणि आपल्या आनंदाला जोड म्हणून तिने फ्रीझरमधून विकतच्या शुद्ध एन्झाइमची बाटली काढली, की तिच्याशी ताडून बघू. बाटलीच्या लेबलावर बारीक टाइपात एक युनिट म्हणजे काय ते छापलेलं होतं. रंगाची अभिक्रिया निराळी, पण व्याख्या ओळखीची होती. रंग निम्म्याने अडवेल एवढं एन्झाइम. त्यापुढे आणखी तीन शब्द होते, जे तिने अकरा वर्षांत शंभर वेळा बघून एकदाही वाचले नव्हते.

'तीन मिलीलिटर मिश्रणात.'

ताई बाटली हातात धरून उभी राहिली. गारठलेली बोटं दुखायला लागली तेव्हा तिला भान आलं.

तिच्या नळीत तीन मिलीलिटर मिश्रण असायचं. इथे सगळे तेवढंच घ्यायचे, दुसरी काही सोयच नव्हती, म्हणून ते कागदावर लिहायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही. चकचकीतने मात्र आल्या आल्या नवं यंत्र घेतलं होतं. शहाण्णव खळग्यांची प्लॅस्टिकची थाळी, आणि एकेका खळग्यात मिश्रण शून्य दशांश दोन मिलीलिटर. तीनला शून्य दशांश दोनने भागलं, की पंधरा येतात.

चिमूटभर मिठाने वाटीतलं वरण खारट होतं आणि तीच चव पातेल्याला आणायची तर मूठभर लागतं. वाटी वापरली म्हणून मीठ काही जास्त खारट होत नाही. थेंबाथेंबात एन्झाइम किती दाट आहे त्यावर रंग अडतो, म्हणून इवल्याशा खळग्यात इवलंसं एन्झाइम पुरतं. आणि त्या इवल्याशालाही कागदाप्रमाणे एक युनिटच म्हणायचं!

गहू बदललाच नव्हता. भांडं बदललं होतं.

---

तिने कुणाला काही न सांगता प्रयोग लावला. उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये दोन्ही वाणांची पानं होतीच. दुपारभर ती वाटत बसली. वाटलेल्या पानांचा तो हिरवा, ओलसर, किंचित कुजका वास एरवी तिला कळतही नसे. त्या दिवशी तो नाकात बसला. दोन्ही अर्क नळीत लावले आणि दोन्ही थाळीत लावले. चार आकडे आले. नळीत मूळ वाण बावीस, नवा तेवीस. थाळीत मूळ वाण तीनशे सव्वीस, नवा तीनशे त्रेचाळीस.

तेवीस आणि बावीस! दोन भावंडांच्या उंचीतसुद्धा याहून जास्त फरक असतो.

तोवर ती चकचकीतला दोष देत नव्हती. आपल्याच कागदात खोट होती, पोरगं नवं, भांडं बदललं आणि लक्षात आलं नाही, होतं असं. हेच त्याला समजावून सांगायचं, चहा पाजायचा आणि लेख परत मागवायचा, असं तिने मनाशी ठरवलंसुद्धा. मग तिने थाळीच्या यंत्राला जोडलेल्या संगणकावर आपले आकडे साठवायला यादी उघडली, आणि यादीत चार महिन्यांपूर्वीची एक फाइल दिसली. नाव होतं, 'मूळ वाण, थाळी'.

तिने उघडली. खळग्यांच्या सहा ओळी, ओळीमागे एक आकडा आणि सहाही आकडे तीनशेच्या वर. समोर चकचकीतची टिपणी: 'अपवादात्मक, वगळावे.'

सहाच्या सहा अपवादात्मक!

ताई मोरीपाशी गेली. मोरीत कुणीतरी जुनी थाळी बुडवून ठेवली होती. खळग्यांतून जांभळा गाळ सुटून पाण्यावर तवंग धरला होता आणि जाळीत चहापत्ती अडकली होती. तोंडावर पाणी मारून ती तशीच वाकून उभी राहिली. ज्याला चहा पाजणार होतो, तो हे चार महिने पोटात ठेवून रोज सकाळी 'ताई, कशा आहात' म्हणत होता, हे तिला काही केल्या गिळवेना.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांच्या खोलीत गेली तेव्हा चकचकीतही तिथेच होता. टेबलावर बिस्किटं होती. तिने सही न केलेला कागद परत दिला, चार आकडे आणि ती जुनी फाइल छापून समोर ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सर शेवटपर्यंत ऐकत राहिले. मध्ये एकदा त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, ते त्यांनी बोटाने काढून खाल्लं आणि बोट चाटलं.

"हे तुम्हाला माहीत होतं?" ताईने चकचकीतला विचारलं.

"ताई, पाइपेटिंगची चूक असू शकते. मला ते आकडे विश्वासार्ह वाटले नाहीत."

"सहाही ओळींत एकच चूक? आणि काल माझ्याही हातून तीच झाली?"

तो सरांकडे बघायला लागला. म्हणजे सरांनाही ठाऊक होतं. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे बघा ताई," सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "एक युनिट म्हणजे काय? रंग निम्मा अडवणारं एन्झाइम. बरोबर? तुम्ही नळीत निम्मा अडवलात, यांनी थाळीत निम्मा अडवला. दोन्ही एकेक युनिट. मग आपण खोटं काय लिहिलंय? शब्दन् शब्द खरा आहे."

"सर, थाळीतली पंधरा युनिट म्हणजे नळीतलं एक."

"असं कुठे लिहिलंय?"

ताईने छापलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"नाही, कुठे लिहिलंय सांगा ना. तुमच्या कागदावर लिहिलंय का?" सर हसले. त्यांच्या दातांत बिस्किटाचा लगदा अडकला होता. "तुमचाच कागद आहे तो. पोरं पाठ करतात."

"मूळ वाण थाळीत मोजून लिहा. एवढंच करा," ती म्हणाली. आपला आवाज विनवणीचा झाला हे तिला ऐकू आलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

"मग लेखात उरेल काय?" चकचकीत पहिल्यांदा खरं बोलला.

"तेच उरेल जे आहे. दोन्ही गहू सारखे."

सरांनी टोपण काढलं, कानाशी नेलं, मग काय वाटलं कोण जाणे, परत ठेवलं. "तुम्ही सही करणार नाही तर."

"नाही."

"हरकत नाही," सर म्हणाले, आणि तो कागद त्यांनी इतक्या शांतपणे खणात टाकला, की ताई बाहेर येईपर्यंत तिला वाटत राहिलं, आपण जिंकलो.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सही नाही केलीस ना? मग सुटलीस. त्यांचं ते बघतील." तो शाळेची बस चालवायचा आणि रस्त्यावरची भांडणं काच खाली न करता सोडवायचा.

"सुटले," ती म्हणाली आणि साबणाने हात धूत बसली. बोटांवरचे जांभळे डाग जात नव्हते. ते कधीच पटकन जात नसत, पण एरवी तिने ते घासले नसते.

---

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ताई मार्कर घेऊन नळ्यांच्या टेबलाकडे गेली. युनिटच्या व्याख्येपुढे 'तीन मिलीलिटर मिश्रणात' एवढं लिहायचं, म्हणजे पुढच्या पोरांना तरी कुणी फसवणार नाही. अकरा वर्षं उशीर झाला होता, पण लिहायचं.

भिंतीवर कागद नव्हता. तेवढ्या जागेची भिंत बाकीच्या भिंतीहून पांढरी होती आणि चार कोपऱ्यांत चिकटपट्टीचे पिवळट तुकडे राहिले होते.

बाई फरशी पुसत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "मोठ्या सरांनी काढून नेला. मशीनवर ठेवून त्याचा फोटो काढला नि पाठवला कुठंतरी. आता फ्रेम करून लावणार म्हणत होते."

ताईला सगळं एकदम कळलं. तपासणाऱ्याने पद्धतीचा कागद मागितला होता. त्याला कागद मिळाला. अकरा वर्षं जुना, हाताने लिहिलेला, पिवळा पडलेला, खाली तिची आद्याक्षरं आणि तारीख. बघा, आमच्याकडे पहिल्यापासून युनिट हेच, सगळ्यांचं एकच. जी सही तिने नाकारली, ती अकरा वर्षांपूर्वीच करून बसली होती. सरांच्या खणातल्या कागदापेक्षा ही सही शंभरपट पक्की होती, कारण ती प्रामाणिकपणे केलेली होती.

ती स्टुलावर बसली. राग सरांचा होता, चकचकीतचा होता, पण सगळ्यात घाण वाटत होती ती स्वतःच्या त्या ठळक अक्षराची. किती मिरवलं आपण ते! नव्वद टक्क्यांना दोन युनिट लिहिणाऱ्या पोरांवर डोळे वटारले, आणि स्वतः मात्र भांडंच लिहायला विसरलो. लबाडांनी काही खोटं बनवलंच नाही. तिने उघड्या ठेवलेल्या दारातून ते आत आले, बसले आणि बिस्किटं खाल्ली.

गप्प बसलं तर काय होईल तेही तिला दिसत होतं. गप्प बसलं तर काहीच होणार नव्हतं. कागद फ्रेममध्ये जाणार होता, त्यावर आणखी अकरा वर्षं पोरं शिकणार होती. आणि बोलायचं तर सरांवर बोट ठेवण्याआधी स्वतःच्या कागदावर ठेवावं लागणार होतं. तेवढं टाळून तक्रार करता येईल का, हे तिने चांगला अर्धा तास घोळवलं. येत नव्हतं. तिने आकडे मांडले की समोरचा पहिलं हेच विचारणार, बाई, मग तुमच्याच कागदावर हे का नाही?

संपादकाच्या पत्राची प्रत तिच्या रजिस्टरात तशीच होती. सहीचा कागद परत देताना ती पिनेतून सुटून मागे राहिली होती, आणि सर ती मागायला विसरले होते. त्यावर पत्ता होता. टेबलावरच्या संगणकाशी बसून तिने चार आकडे जोडले, चार महिन्यांपूर्वीची फाइल जोडली, रजिस्टरचं पान जोडलं. मग मजकूर लिहायला घेतला. पहिलं वाक्य तिने तीनदा सरांपासून सुरू केलं आणि तीनदा खोडलं.

मागे दार वाजलं. चकचकीत आत आला, नेहमीसारखा हसला. "ताई, कशा आहात?"

"घाणेरडी," ताई म्हणाली. "थांबा, धुतेय."

त्याला काही कळलं नाही. तो थाळी घेऊन निघून गेला. ताईने जांभळी बोटं पुन्हा कळफलकावर ठेवली, पहिलं वाक्य लिहिलं आणि ते न खोडता पुढे गेली.

'तुमच्याकडे आलेला पद्धतीचा कागद माझा आहे, आणि तो चुकीचा आहे.'